प्रश्नात न लिहिलेला नियम शोधा

प्रश्न: "मॅडम, मी तालुक्याच्या शाळेत आठवीला गणित शिकवतो. वर्गातली निम्मी मुलं शहरातली, निम्मी एसटीने खेड्यांवरून येणारी. घटक चाचणीत शाब्दिक उदाहरणं आली की खेड्यांवरची मुलं मागे पडतात. त्यातल्याच काहींना तोंडी विचारलं तर बरोबर सांगतात. पिझ्झा आणि मॉल काढून भाकरी आणि बैल घातले, तरी फार फरक पडला नाही. प्रश्न काढताना नेमकं काय बघायचं?"

सर, पिझ्झा हा शब्द मुलाच्या आड येतच नव्हता. ज्याने पिझ्झा कधी खाल्ला नाही, त्यालाही वर्तुळाचे आठ भाग आणि त्यातले तीन रंगवलेले दिसतात. तो ३/८ लिहितो आणि पुढे जातो. प्रश्नातली वस्तू अनोळखी असली तरी बहुतेक वेळा मुलं तिला वळसा घालून जातात. अडतात ती दुसरीकडे. उत्तर ज्या नियमावर उभं आहे तो नियम प्रश्नात लिहिलेलाच नसतो, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो घरून आणलेला असतो. म्हणून मी प्रश्न तपासताना अनोळखी शब्दाच्या आधी न लिहिलेला नियम शोधते. हे मी माझ्याच दोन प्रश्नांवरून शिकले. तुम्ही आठवीला शिकवता आणि हे दोन्ही प्रश्न आठवीच्या 'सूट व कमिशन' या प्रकरणावरचेच आहेत, म्हणून ते जसेच्या तसे देते.

पहिला प्रश्न असा होता: "एका ॲपवर १,५०० रुपयांच्या बुटांवर २०% सूट आहे. कूपन वापरल्यास आणखी १०% सूट मिळते. डिलिव्हरी चार्ज ४० रुपये आहे. कूपन वापरून बूट मागवल्यास एकूण किती रुपये द्यावे लागतील?"

माझं उत्तर १,१२० रुपये. १,५०० वर २०% सूट, म्हणजे १,२००. त्यावर १०%, म्हणजे १,०८०. त्यात ४० मिळवले. खेड्यांवरून येणाऱ्या बऱ्याच मुलांनी १,०९० लिहिलं होतं. त्यांनी २० आणि १० मिळवून ३०% धरले, १,५०० मधून ४५० वजा केले आणि ४० मिळवले. आकडेमोड चोख होती. मी सगळ्यांना चूक दिली आणि मनात नोंद केली की या मुलांना टक्केवारी पुन्हा शिकवायला हवी.

पेपर वाटल्यावर वस्तीवरून येणारी एक मुलगी टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, आणखी दहा टक्के म्हणजे वीस आणि दहा, तीसच ना?" मी तिला समजावायला गेले आणि मध्येच थांबले, कारण मराठीत तिचंच बरोबर होतं. आई म्हणते, "आणखी एक भाकरी घे," तेव्हा ती भाकरी आधीच्या भाकरीएवढीच असते. आधीच्या सुटीनंतर उरलेल्या किमतीवर दुसरी सूट मोजायची, हे 'आणखी' या शब्दात कुठेच नाही. ते ॲपच्या बिलात असतं. शहरातल्या मुलांनी आईवडिलांच्या मोबाईलवर ते बिल शंभरदा पाहिलेलं होतं. त्यांना गणित जास्त येत होतं असं नव्हे, त्यांनी बिल पाहिलेलं होतं.

दुरुस्ती तीन शब्दांची होती: "कूपन वापरल्यास कमी झालेल्या किमतीवर १०% सूट मिळते." ॲप तसंच राहिलं, बूटही तसेच राहिले. यानंतरही कोणी ३०% धरले, तर ती टक्केवारीची चूक समजून मी तिचे गुण कापते. लागोपाठच्या दोन सुटी नुसत्या मिळवता येत नाहीत, हे मुलाला कळलंय का, हे मला तपासायचंच आहे. फक्त ते तपासायचं तर अट कागदावर हवी.

दुसऱ्या प्रश्नात मी उलट बाजूने घसरले. पहिल्या अनुभवानंतर वाटलं, खेड्यांवरच्या मुलांच्या ओळखीचं काही घालूया. म्हणून लिहिलं: "एका शेतकऱ्याने आडत्यामार्फत २० क्विंटल कांदा १,२०० रुपये क्विंटल दराने विकला. आडत्याने ६% आडत घेतली, तर शेतकऱ्याला किती रुपये मिळाले?" विक्री २४,००० रुपयांची, आडत १,४४०, उत्तर २२,५६०. शहरातल्या मुलांना आडत्या कोण, आडत म्हणजे काय, काहीच ठाऊक नव्हतं. पण 'आडत्याने ६% घेतली' एवढ्यावर त्यांनी वजाबाकी केली आणि पूर्ण गुण मिळवले. एका कांदा उत्पादकाच्या मुलाने मात्र २४,००० लिहून खाली टीप दिली होती: "आडत व्यापारी देतो."

मी शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी तो दप्तरात घडी घालून वडिलांची पट्टी घेऊन आला. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडतीच्या दुकानातून मिळणारा हिशोबाचा कागद. त्यावर वजन होतं, भाव होता, हमाली आणि तोलाई कापलेली होती. आडतीपुढे काही कापलेलं नव्हतं. फळं आणि भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असं महाराष्ट्रात २०१६ साली ठरलं. मी जुन्या पुस्तकांतल्या नमुन्यावर प्रश्न काढला होता. मुलगा त्या व्यवहारात माझ्यापेक्षा जाणता होता आणि त्या जाणतेपणाचेच त्याचे गुण गेले होते. मी ते त्याला परत दिले आणि वर्गात सगळ्यांसमोर तो प्रश्न चुकीचा होता असं सांगितलं.

तुमच्या भाकरी-बैलांनी फरक का पडला नाही, याचं उत्तर इथे आहे. खेड्यातला संदर्भ घातला की तो खेड्यातल्या मुलाला सोपाच जातो असं नाही. आपण त्या व्यवहाराच्या बाहेरचे असलो तर तो अर्धवट लिहितो, आणि जो आतला आहे तोच अडखळतो. बैलगाडी, नांगर, विहीर यांचे प्रश्न वाचताना मला हल्ली आधी शंका येते की हे लिहिणाऱ्याने शेत कशात पाहिलंय. खेड्यावरच्या मुलांचे वडील आज ट्रॅक्टरने नांगरतात, कोणी पिकअप चालवतात, कोणी एमआयडीसीत पाळीला जातात. संदर्भ घ्यायचाच असेल तर तो व्यवहार रोज करणाऱ्या एका माणसाला प्रश्न वाचून दाखवा. शाळेच्या शिपाईमामांकडे शेती असतेच. त्यांना दोन मिनिटं पुरतात. मी आता कमिशनच्या प्रश्नाला कांदा घेत नाही. "दलालामार्फत जुनी मोटारसायकल ३०,००० रुपयांना विकली, दलालाने विकणाऱ्याकडून २% कमिशन घेतले," असं लिहिते. मोटारसायकल दोन्हीकडे आहे, आणि 'विकणाऱ्याकडून' हा शब्द मुद्दाम लिहिलेला आहे, कारण दलाल दोन्ही बाजूंकडून घेतो हेही काही मुलांना ठाऊक असतं.

आता भाषेकडे येते. इथेही माझं म्हणणं तेच आहे, की अवघड शब्दाच्या आधी वाक्याची गाठ पाहा. हा एका तयार प्रश्नसंचातल्यासारखा प्रश्न बघा:

"दर शेकडा १२ दराने कमिशन देऊन दलालामार्फत विकलेल्या, छापील किंमत ४,००० रुपये असलेल्या कपाटावर ग्राहकास १०% सूट दिल्यास दुकानदारास मिळणारी निव्वळ रक्कम काढा."

कपाट हा शब्द वाक्यात मध्यावर येतो आणि तोवर त्याच्याबद्दलच्या दोन गोष्टी, 'विकलेल्या' आणि 'असलेल्या', मुलाला डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. कमिशन पहिलं लिहिलंय, पण व्यवहारात ते शेवटी येतं. सूट नंतर लिहिलीय, पण ती आधी वजा होते. कमिशन ४,००० वर की सूट देऊन उरलेल्या किमतीवर, हे तर लिहिलेलंच नाही. घरी वर्तमानपत्र येतं, गोष्टींची पुस्तकं आहेत, अशा मुलाने ही पुस्तकी मराठी कानाने ऐकलेली असते. ज्याच्या घरात कोणी असं बोलत नाही, त्याला आधी हे वाक्य सोडवावं लागतं आणि मग गणित. तोच प्रश्न असा लिहिता येतो:

"एका कपाटाची छापील किंमत ४,००० रुपये आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला छापील किमतीवर १०% सूट दिली. हे कपाट दलालाने विकून दिले. दलालाने विक्री किमतीवर १२% कमिशन घेतले. दुकानदाराच्या हातात किती रुपये राहिले?"

अपेक्षित उत्तर दोन्हीकडे तेच: विक्री किंमत ३,६००, कमिशन ४३२, हातात ३,१६८. गणित तिळभरही सोपं झालेलं नाही. पायऱ्या तेवढ्याच आहेत. फक्त प्रसंग ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने वाक्यं आली आणि एका वाक्यात एकच गोष्ट राहिली. 'छापील किंमत', 'विक्री किंमत', 'सूट', 'कमिशन' हे शब्द मी काढले नाहीत. ते या प्रकरणाचेच शब्द आहेत, मुलाने ते शिकायलाच हवेत. 'निव्वळ' काढला, कारण तो शिकवलेला नव्हता आणि त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

हे करताना मी पेन्सिल घेऊन बसते आणि प्रश्नातला प्रत्येक शब्द तीनपैकी एका ढिगात टाकते. पहिल्या ढिगात प्रकरणाचे शब्द; ते राहतात. दुसऱ्यात 'अनुक्रमे', 'प्रत्येकी', 'किमान' यांसारखे शाळेतच भेटणारे शब्द. ते गणितात पुढे सतत लागतात, म्हणून काढायचे नाहीत, पण चाचणीच्या आधी वर्गात वापरून झालेले असले पाहिजेत. 'अनुक्रमे' चाचणीतच पहिल्यांदा भेटला, तर अख्खं उदाहरण गेलं. तिसऱ्या ढिगात नुसते सजावटीचे शब्द, ते जातात. प्रत्ययांकडे मात्र वेगळं लक्ष द्या. 'किंमत २० टक्क्यांनी कमी झाली' आणि 'किंमत २० टक्क्यांवर आली' यांत फरक एवढ्याशा प्रत्ययाचा, पण उत्तरं चौपट वेगळी. असा फरक तपासायचा नसेल तर तो वाक्यात लपवू नये. आणि तारखांच्या उदाहरणात 'परवा' कधीच लिहू नका. आपल्या भाषेत तो मागचाही असतो आणि पुढचाही.

बोलीचे शब्द मात्र वाटतात तेवढे आडवे येत नाहीत. 'आईने १२ पोळ्या केल्या' असं वाचून एखाद्याच्या डोळ्यांपुढे पुरणपोळी येते आणि दुसऱ्याच्या चपाती, पण भागाकार दोघांचा सारखाच होतो. असल्या शब्दांवर रात्र घालवू नका. शब्दाचा अर्थ बदलला की उत्तर बदलतं का, एवढंच विचारा. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तिथल्या वर्गात 'सांबारात कोणकोणते अन्नघटक असतात' असा विज्ञानाचा प्रश्न बाहेरच्या प्रश्नसंचातून आला, तर तिथे उत्तर बदलतं, म्हणून तो बदलायचा.

आता मुख्य अडचण अशी की आपल्या डोळ्याला आपला प्रश्न सरळच दिसतो. तो वाकडा आहे हे उत्तरपत्रिका सांगतात, पण त्या वाचण्याची एक रीत आहे. खेड्यांवरच्या मुलांना एखाद्या प्रश्नात कमी गुण पडले, एवढ्यावरून प्रश्न पक्षपाती ठरत नाही. कदाचित त्यांना तो भाग खरोखरच कमी येत असेल, पावसात एसटी बंद पडून आठवडाभर शाळा बुडाली असेल. तुलना करायची ती एकूण गुण सारखे असलेल्या मुलांची. बाकीचा पेपर ज्यांना सारखाच जमतो, त्यांच्यातही या एका प्रश्नात दोन गटांत मोठी दरी दिसली, तर प्रश्नात काहीतरी आहे.

माझा बुटांचा प्रश्न असा तपासला होता. वर्गात ४८ मुलं, २२ शहरातली, २६ खेड्यांवरची. प्रत्येकाचे तो प्रश्न सोडून उरलेल्या पेपरातले गुण काढले आणि वर्गाचे तीन थर केले: वरचा, मधला, खालचा. मग प्रत्येक थरात बुटांचा प्रश्न किती जणांना आला ते मोजलं. वरच्या थरात शहरातल्या ८ पैकी ८, खेड्यांवरच्या ६ पैकी ४. मधल्या थरात शहरातल्या १० पैकी ८, खेड्यांवरच्या १२ पैकी ४. खालच्या थरात शहरातल्या ४ पैकी १, खेड्यांवरच्या ८ पैकी १. मधला थर बघा. बाकी पेपर सारखाच सोडवणारी ही मुलं, आणि या प्रश्नात एकीकडे दहात आठ, दुसरीकडे बारात चार.

त्याच पेपरात सरळ सुटीचं एक मोठं उदाहरण होतं. एकूण बेरजेत तिथेही शहर पुढे दिसत होतं, २२ पैकी १४ विरुद्ध २६ पैकी १३. पण थर पाडले तर वरच्या थरात ८ पैकी ७ आणि ६ पैकी ५, मधल्यात १० पैकी ६ आणि १२ पैकी ७, खालच्यात ४ पैकी १ आणि ८ पैकी १. थरांच्या आत दरी जवळजवळ गेली. तो प्रश्न ठीक होता. खालच्या थरात खेड्यांवरची मुलं जास्त होती म्हणून बेरीज तशी दिसत होती, आणि त्याचा इलाज शिकवण्यात होता, प्रश्न बदलण्यात नव्हता. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले नाहीत, तर आपण चांगले प्रश्न पातळ करत बसतो आणि मुलांना शिकवायचं राहून जातं.

थर पाडून तुलना करायची ही कल्पना मॅन्टेल आणि हेन्झेल या संख्याशास्त्रज्ञांनी १९५९ साली रोगांच्या अभ्यासासाठी मांडली. मोठ्या परीक्षांच्या प्रश्नांना ती १९८८ मध्ये लावली गेली. त्यांचं सूत्र वर्गाला लागत नाही, वहीच्या पानावरच्या तीन ओळी पुरतात. पण तिच्या मर्यादा ध्यानात ठेवा. ४८ मुलांच्या वर्गात दोन-तीन मुलांचा फरक म्हणजे काहीच नाही. वरच्या थरातले ८ पैकी ८ आणि ६ पैकी ४ एवढ्यावरूनच मी काही म्हटलं नसतं, मधल्या थराने ते म्हणायला लावलं. आणि पेपरातले निम्मे प्रश्नच एका बाजूला झुकलेले असतील, तर बाकीचे गुणही तसेच झुकलेले असतात आणि ही पद्धत आंधळी होते. म्हणून आकडे फक्त संशय दाखवतात. कारण मुलाकडून ऐकावं लागतं.

ते ऐकायला मी ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली मांडलेली पाच पायऱ्यांची रीत वापरते. चुकलेलं उदाहरण मुलापुढे ठेवायचं आणि क्रमाने सांगायचं: प्रश्न मोठ्याने वाच. काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कसं काढणार ते सांग. करून दाखव. आता उत्तर लिही. मूल ज्या पायरीवर अडतं, तिथे दोष शोधायचा. वाचतानाच अडखळलं तर वाचनाचा प्रश्न. वाचून काय विचारलंय ते सांगता येत नसेल, तर वाक्याची गाठ. काय विचारलंय ते बरोबर सांगतं पण वेगळीच क्रिया निवडतं, तिथे बहुतेकदा न लिहिलेला नियम असतो किंवा संकल्पना कच्ची असते. दोन्हींत भेद करायला मी अट तोंडाने पुरवते. "दुसरी सूट कमी झालेल्या किमतीवर आहे," एवढं सांगितल्यावर मुलाने झटकन बरोबर केलं, तर दोष माझ्या प्रश्नाचा. सांगूनही ३०% वरच थांबलं, तर त्याला ते शिकवायला हवं.

तुमची मुलं तोंडी विचारल्यावर बरोबर सांगतात ना, त्यातही हेच घडत असणार. तोंडी विचारताना आपण नकळत वाक्य तोडतो, आवाजाने जोर देतो, 'म्हणजे बघ हं' म्हणून अट पुरवतो. पुढच्या वेळी तोंडी विचारताना आपण कागदावर नसलेलं काय काय बोललो, ते लिहून काढा. प्रश्नात काय घालायचं ते तिथेच सापडतं. चार-पाच मुलं पुरतात, प्रत्येकाला दहा मिनिटं. मात्र दोन्हीकडची घ्या. शहरातल्या एका मुलाने मला 'गुंठा' हा खाण्याचा पदार्थ असावा असं सांगितलं होतं. ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे तेव्हापासून मी कंसात लिहिते.

गट पाडताना 'शहर' आणि 'खेडं' एवढ्यावर थांबू नका. माझ्या वर्गातल्या एका तांड्यावरच्या मुलीच्या घरी गोरमाटी बोलतात, आणि शहरातल्याच एका मुलाच्या घरी हिंदी. त्याला 'सव्वाशे' आणि 'पाऊणपट' कळत नव्हते. ती मात्र बाजारात आईबरोबर बसत असल्याने पाव, सव्वा, दीड सहज बोलायची. घरची भाषा ही वेगळी खूण धरून तेच थर पुन्हा पाडून पाहिले, तर कधी कधी दोष शहर-खेड्याचा नसून भाषेचा निघतो. ही यादी आपल्या वहीतच ठेवा. वर्गात नावं वाचून गट पाडलेत, तर पुढच्या पेपरात मुलं प्रश्नाआधी स्वतःलाच अडाणी समजून बसतात.

संदर्भ निवडायचे तर मी दोन्हीकडे समान असलेल्या जागा शोधते. सुटीच्या प्रकरणाला एसटी फार कामाची आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. शहरातली मुलंही आजोळी एसटीनेच जातात. तरीही प्रश्नात नियम पूर्ण लिहायचा: "पूर्ण तिकीट १६० रुपये. महिलांना ५०% सूट. ६५ ते ७५ वयाच्या व्यक्तीला ५०% सूट. एका व्यक्तीला एकच सूट मिळते. आई, ६८ वर्षांचे आजोबा आणि वडील यांचे मिळून किती?" उत्तर ३२०. 'एकच सूट मिळते' हे वाक्य मी नंतर घातलं. आजोबांऐवजी ६८ वर्षांची आजी होती तेव्हा एका मुलाने तिच्या दोन्ही सुटी धरून तिचं तिकीट शून्य केलं होतं, आणि कागदावर त्याला अडवणारं काही नव्हतं. गुणोत्तराला शाळेतला पोषण आहार घेता येतो. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ४८ मुलांना ७ किलो २०० ग्रॅम, आणि ते पातेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

सहकारी नेहमी विचारतात की प्रश्न असे सोडवून दिले, तर शिष्यवृत्ती परीक्षेतल्या गाठीच्या वाक्यांचं काय होणार. ती वाक्यं शिकवायलाच हवीत, पण वर्गात. आठवड्यातून एक तास मी असं एकच लांब वाक्य फळ्यावर लिहिते आणि मुलांकडून त्याची चार छोटी वाक्यं करून घेते, उत्तर काढायचं नाही. दिवाळीपर्यंत बरीच मुलं 'असलेल्या', 'दिल्यास' ओळखून तिथे उभी रेघ मारायला लागतात. घटक चाचणीत मात्र मला सूट आणि कमिशन तपासायचं असतं, त्यामुळे तिथे गाठ ठेवत नाही. दोन्ही एका प्रश्नात मोजलं, तर मूल कशात चुकलं ते मलाच कळत नाही.

तपासताना मी गणिताच्या उत्तरात भाषेचे गुण कापत नाही. 'दुकानदाराला ३१६८ रुपय भेटले' लिहिलं तरी पूर्ण गुण. मराठीच्या पेपरात लेखननियम हाच विषय असतो, तिथे गोष्ट वेगळी.

बुटांचा प्रश्न दुरुस्त करून मी पुढच्या वर्षीच्या आठवीला दिला. मधल्या थरात शहरातल्या ९ पैकी ७ आणि खेड्यांवरच्या ११ पैकी ८ मुलांना तो आला. ज्यांचं चुकलं त्या पाच जणांत दोन्हीकडची मुलं होती, आणि पाचही जणांनी डिलिव्हरीचे ४० रुपये मिळवायचे सोडून वजा केले होते. आता मी 'चार्ज' या शब्दापाशी थांबले आहे. या वर्षीच्या पेपरात 'घरपोच आणून देण्याचे ४० रुपये वेगळे द्यावे लागतात' असं लिहिलंय, आणि दिवाळीच्या सुटीआधी थर पाडून बघणार आहे.